सात लाखांची पेटी आणि दर महिन्याचं बिल

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एक मशीन शॉप आहे असं समजू. ओतकाम बाहेरून येतं, इथं त्यावर मशीनिंग होतं आणि तयार भाग पुण्याकडच्या वाहन कंपन्यांना जातात. कामगार चाळीस, त्यांपैकी संगणकावर बसणारे वीसेक. ईआरपी, हिशेब, ड्रॉइंगच्या फाइली, गुणवत्ता तपासणीचे अहवाल, सगळं एकाच सर्व्हरवर आहे. हा सर्व्हर जिन्याखालच्या खोलीत गेली सात वर्षं चालू आहे आणि अलीकडे त्याचा पंखा कुरकुरू लागला आहे.

मालकाच्या टेबलावर दोन कोटेशनं पडली आहेत. एक हार्डवेअरवाल्याचं: नवा सर्व्हर घ्या, सगळं मिळून सात लाख. दुसरं क्लाउडवाल्याचं: काही विकत घेऊ नका, वर्षाला चार लाख साठ हजारांच्या आसपास खर्च येईल. मालक मनातल्या मनात पाचाने गुणतात. तेवीस लाख! सात लाखांच्या पेटीसमोर तेवीस लाख म्हणजे उघड उघड लूट, असं त्यांना वाटतं आणि ते हिशेबनिसांना हाक मारतात.

कारखाना काल्पनिक आहे आणि पुढचे आकडेही गोल केलेले आहेत. पण असा हिशेब राज्यातल्या जवळजवळ प्रत्येक औद्योगिक वसाहतीत कुठल्या ना कुठल्या टेबलावर मांडला जातो, आणि बऱ्याचदा या गुणाकारापाशीच संपतो.

हिशेबनीस पहिली गोष्ट करतात ती म्हणजे सात लाखांची पेटी उघडून बघतात. सर्व्हर साडेचार लाखांचा, त्यात तीन वर्षांची वॉरंटी. ऑनलाइन यूपीएस सत्तर हजार. रॅक, स्विच आणि फायरवॉल मिळून ऐंशी हजार. बॅकअपसाठी नॅस एक लाख. हे झाले सात लाख, आणि ते पहिल्याच दिवशी द्यायचे.

पण सर्व्हर काही फुकट चालत नाही. सर्व्हर, नॅस, स्विच आणि यूपीएसमध्ये वाया जाणारी वीज धरून सुमारे पाचशे वॅट. ती खोली थंड ठेवणाऱ्या एसीचे सरासरी आणखी पाचशे. एक किलोवॅटचा हा भार वर्षाचे ८,७६० तास चालू राहतो, म्हणजे ८,७६० युनिट. दहा रुपये युनिट धरला तरी ८८ हजारांना जवळ. कोटेशनमध्ये हा आकडा कधीच नसतो, कारण विजेचं बिल सर्व्हरच्या नावाने येत नाही. ते कारखान्याच्या बिलात विरघळून जातं. बिघाड झाला की धावत येणाऱ्या आयटीवाल्याचे महिना दहा हजार, म्हणजे वर्षाला १ लाख २० हजार. दुसरी इंटरनेट लाइन ४२ हजार. बॅकअपची एक प्रत कारखान्याबाहेर ठेवायचे ३० हजार. सगळं मिळून वर्षाला २ लाख ८० हजार. शिवाय तिसऱ्या वर्षी यूपीएसच्या बॅटऱ्या बदलायचे ३० हजार, चौथ्या आणि पाचव्या वर्षी वॉरंटी वाढवायचे प्रत्येकी ४० हजार. पाच वर्षांनी जुनं सामान विकून ४० हजार परत आले तर आले. सगळी बेरीज २१ लाख ७० हजार.

क्लाउडचे चार लाख साठ हजारही असेच उलगडावे लागतात. वर्षभराचा करार करून घेतलेली मशीन १ लाख ९० हजार, डिस्क ९० हजार, बॅकअप ४० हजार, बाहेर जाणारा डेटा आणि सुरक्षित जोडणी २६ हजार. आयटीवाला इथेही लागतो, फक्त निम्मा. त्याचे ७२ हजार. आणि दुसरी इंटरनेट लाइन तर इथे जास्तच गरजेची, तिचे ४२ हजार. ‘क्लाउडवर गेलं की माणूस लागत नाही’ हे वाक्य विक्रेत्याच्या तोंडी शोभतं, पण पासवर्ड विसरणारे, प्रिंटर अडकवणारे आणि चुकून फोल्डर पुसणारे लोक कारखान्यातच राहतात. सुरुवातीला डेटा हलवायचा एकदाच ५० हजार खर्च. पाच वर्षांची बेरीज २३ लाख ५० हजार. ईआरपीचा परवाना दोन्हीकडे सारखाच आहे असं धरून तो बाजूला ठेवला आहे.

म्हणजे मालकांना वाटली तेवढी लूट नाही, पण स्वतःचा सर्व्हर १ लाख ८० हजारांनी स्वस्त आहे. इथे थांबलं तर सर्व्हर घ्यायचा.

हिशेबनीस थांबत नाहीत. हुंडीच्या व्यवहारात एक जुना शब्द आहे, वटाव. तीन महिन्यांनी मिळायचे पैसे आजच हवे असतील तर सावकार त्यातून काही कापून घेई, तो वटाव. उद्याचा रुपया आजच्या रुपयापेक्षा हलका असतो, हे त्या कापण्यामागचं गणित. तेच इथे लावायचं. क्लाउडचं पाचव्या वर्षाचं बिल पाच वर्षांनी भरायचं आहे. तोवर तो पैसा धंद्यात फिरणार, किंवा तेवढं कर्ज कमी राहणार. सर्व्हरचे सात लाख मात्र आजच जातात.

या कारखान्याचं बँकेत सीसी खातं आहे आणि त्यावर बारा टक्के व्याज लागतं असं धरू. मग एका वर्षाने द्यायच्या एक लाखाची आजची किंमत १ लाख भागिले १.१२, म्हणजे सुमारे ८९ हजार ३०० रुपये. पाच वर्षांनी द्यायच्या एक लाखाची आजची किंमत ५६ हजार ७०० च्या आसपास. प्रत्येक वर्षाचा खर्च असा वटवून मग बेरीज घ्यायची. सोयीसाठी वर्षाचा खर्च वर्षअखेरीस होतो असं दोन्हीकडे मानलं आहे. एक्सेलमध्ये हे एका ओळीचं काम आहे. A2 मध्ये आज द्यायची रक्कम, B2 पासून F2 पर्यंत पाच वर्षांचे खर्च:

```
=A2+NPV(12%,B2:F2)
```

इथे एक नेहमीची चूक होते. A2 सुद्धा कंसात टाकला की एक्सेल आजच्या सात लाखांसह सगळेच आकडे आणखी वर्षभर पुढे ढकलून वटवतो, आणि सर्व्हर सुमारे १ लाख ८८ हजारांनी स्वस्त दिसू लागतो. NPV पहिल्या आकड्यालाही एक वर्ष लांबचा समजतो, म्हणून आजचा आकडा बाहेरच ठेवायचा.

उत्तर येतं ते असं: स्वतःचा सर्व्हर १७ लाख ५६ हजार, क्लाउड १७ लाख ८ हजार. साध्या बेरजेत १ लाख ८० हजारांनी महाग असलेला क्लाउड आता ४८ हजारांनी स्वस्त झाला. एकही दर बदलला नाही, फक्त पैसे कधी जातात हे विचारात घेतलं.

या ४८ हजारांवर मात्र फार विसंबू नये. बारा टक्के हा आकडा आला कुठून? सीसी खात्यावरून. ज्या कारखान्याची सीसी मर्यादा महिनाअखेरीस काठोकाठ भरलेली असते, त्याच्यासाठी सर्व्हरमध्ये अडकलेला प्रत्येक रुपया खरोखर बारा टक्क्यांनी महाग पडतो. कच्च्या मालासाठी याहून महाग कर्ज उचलत असेल आणि दर सोळा टक्के धरावा लागला, तर क्लाउड जवळजवळ एक लाखाने स्वस्त ठरतो. उलट त्याच गल्लीतल्या, कर्ज नसलेल्या आणि पैसा मुदत ठेवीत पडून असलेल्या शेजाऱ्याने आठ टक्के दर धरला, तर स्वतःचा सर्व्हर सुमारे साडेपंधरा हजारांनी खाली येतो. दोघांच्या टेबलावर अगदी तीच दोन कोटेशनं आहेत. सर्व्हरच्या प्रोसेसरविषयी कितीही चर्चा झाली तरी हा फरक तिथे सापडत नाही. तो दोघांच्या बँक पासबुकात आहे.

आणि आठपासून सोळा टक्क्यांपर्यंत दर हलवूनही पाच वर्षांत फरक पडतो तो लाख-सव्वा लाखाचा. याहून मोठा धक्का दुसरीकडून येतो. वरच्या हिशेबात क्लाउडचं बिल पाचही वर्षं चार लाख साठ हजारच धरलं आहे. तसं क्वचितच राहतं.

एक कारण डॉलर. मोठ्या क्लाउड कंपन्यांचे मशीन आणि डिस्कचे दर बहुधा डॉलरमध्ये ठरलेले असतात, बिल रुपयांत आलं तरी. २०१० साली डॉलर साधारण ४५-४६ रुपयांना होता. २०२४ च्या अखेरीस तो ८५ रुपयांच्या पुढे गेला. सरासरी काढली तर वर्षाला साडेचार टक्क्यांच्या आसपास. दुसरं कारण स्वतः कारखाना. ड्रॉइंगच्या फाइली वाढतात, तपासणीचे फोटो साठत जातात, कुणी चाचणीसाठी म्हणून चालू केलेली मशीन तशीच राहते, काढून टाकलेल्या मशीनची डिस्क मागे उरते आणि तिचं भाडं चालू राहतं. ॲमेझॉनने १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्यासाठीही तासाला अर्धा सेंट घ्यायला सुरुवात केली. महिन्याला तीनशे-सव्वातीनशे रुपये. एका पत्त्याचं काही वाटत नाही, पण बिल वाढतं ते अशाच फुटकळ ओळींनी. ते वाढतंय हे ओळखायची सोपी खूण म्हणजे बिलातली डिस्क आणि बॅकअपची रक्कम. मशीनचा खर्च जागच्या जागी आणि या दोन ओळी दर महिन्याला वर सरकत असतील, तर कुणीतरी काहीतरी पुसायला विसरलं आहे.

वीज आणि आयटीवाल्याचा पगारही वाढतात, तेव्हा न्यायाने दोन्हीकडे वाढ धरायला हवी. दोन्हीकडचे वार्षिक खर्च दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढवले तर स्वतःचा सर्व्हर साडेअठरा लाख आणि क्लाउड १८ लाख ६२ हजार. बारा हजारांचा फरक, म्हणजे बरोबरीच. क्लाउडचं बिल दहा टक्क्यांनी वाढू दिलं तर मात्र ते २० लाख ३२ हजारांवर जातं आणि सर्व्हर सुमारे १ लाख ८० हजारांनी स्वस्त राहतो. वर्षाला पाच टक्के वाढ की दहा, हे ठरतं ते बिल दर महिन्याला कुणीतरी वाचतं की नाही यावर.

दुसऱ्या बाजूचीही एक चूक सांगायला हवी. हार्डवेअरवाला सोळा कोरचा सर्व्हर देतो आणि मग मालक क्लाउडवरही सोळाचाच आकडा शोधतात. क्लाउडवर जो व्हीसीपीयू मोजला जातो तो बऱ्याच मशीनवर प्रत्यक्ष कोरचा एक धागा असतो, म्हणजे ढोबळमानाने अर्धा कोर. यावरून क्लाउड फसवा वाटेल. पण विकत घेतलेला सर्व्हर पाचव्या वर्षाच्या गरजेएवढा मोठा घ्यावा लागतो, कारण मध्येच तो निम्मा वाढवता येत नाही. क्लाउडची मशीन आजच्या कामापुरती घेऊन नंतर बदलता येते. म्हणून तुलना कोरांच्या आकड्यांची नाही, कामाची करायची. जुन्या सर्व्हरवर पगाराच्या आणि महिनाअखेरच्या दिवशी प्रोसेसर व मेमरी किती वापरली जाते हे दोन महिने टिपून ठेवलं की मशीन किती मोठी हवी ते कळतं. बहुतेक ठिकाणी हा आकडा बघून मालकाला आश्चर्य वाटतं. सर्व्हर बराचसा वेळ रिकामाच फिरत असतो.

क्लाउड सोडून पैसे वाचवल्याचं जे उदाहरण सगळीकडे सांगितलं जातं ते ‘थर्टीसेव्हन सिग्नल्स’ या अमेरिकी कंपनीचं. ‘बेसकॅम्प’ आणि ‘हे’ ही तिची उत्पादनं. तिचे एक मालक डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये क्लाउड सोडणार असं जाहीर केलं. त्या वर्षी त्यांचा क्लाउडवरचा खर्च सुमारे ३२ लाख डॉलर होता. त्यांनी सहा-सात लाख डॉलरचे डेल सर्व्हर घेतले आणि पुढे वर्षाला लाखो डॉलर वाचल्याचे आकडे प्रसिद्ध केले. हे खरं आहे. पण त्यांच्याकडे सर्व्हर सांभाळणारी माणसं आधीपासून होती, डेटा सेंटरमधल्या भाड्याच्या जागा होत्या, आणि त्यांचं काम रात्रंदिवस, जवळजवळ एकाच पातळीवर चालणारं. एवढ्या मोठ्या बिलात सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसांचा पगार सहज सामावतो. शिरोलीतल्या साडेचार लाखांच्या बिलात तो सामावत नाही. हे उदाहरण हार्डवेअरवाले हमखास ऐकवतात, म्हणून एवढं लिहिलं.

शिरोलीतल्या कारखान्याचं काम मुळात सपाट नाही. ऑफिस सकाळी आठ ते रात्री आठ, आठवड्याचे सहा दिवस. आठवड्याच्या १६८ तासांपैकी बहात्तर तास. उरलेले शहाण्णव तास मशीन बंद ठेवली तर तिचं भाडं लागत नाही. फक्त डिस्कचं लागतं. करार न करता तासावर घेतलेली हीच मशीन वर्षभर चालू ठेवली तर तीन लाखांच्या आसपास पडेल, पण बहात्तर तासांपुरती १ लाख २९ हजारांत. कराराच्या एक लाख नव्वद हजारांपेक्षा साठ हजारांनी कमी. पाच वर्षांचे हे साठ हजार वटवले की दोन लाख वीस हजार होतात, म्हणजे व्याजदराच्या सगळ्या वादापेक्षा जास्त. रात्री आठला बंद आणि सकाळी आठला चालू होण्याचं वेळापत्रक एकदा लावून ठेवायचं, रात्रीचा बॅकअप बंद होण्याआधी उरकायचा, एवढंच काम. रात्रपाळीला मशीनवरून उत्पादनाची नोंद होत असेल तर मात्र हा मार्ग बंद. कराराची सवलत घेतलेली असली तरीही बंद, कारण करार म्हणजे वापरा वा न वापरा, पैसे देणं आलं. विक्रेता करार आधी पुढे करतो. वेळापत्रकाचा विषय तो सहसा काढत नाही.

मग येतात ते खर्च ज्यांना कोटेशनच नसतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस वाहतूक बंद राहिली. तळमजल्यावरच्या, जिन्याखालच्या खोलीतला सर्व्हर अशा वेळी वाचला तरी त्याच्यापर्यंत पोचणारा इंजिनियर आणि सुटा भाग रस्त्यातच अडकतात. वॉरंटीतला ‘पुढच्या कामकाजाच्या दिवशी’ हा शब्दप्रयोग रस्ता उघडा आहे असं गृहीत धरून लिहिलेला असतो. क्लाउडच्या बाजूला याचं जुळं भावंड म्हणजे रस्त्याच्या कामावरचा जेसीबी. त्याने केबल तोडली की मुंबईतली मशीन ठणठणीत असूनही शिरोलीत चलन छापता येत नाही. क्लाउड कंपन्याही पडतात. २० ऑक्टोबर २०२५ ला ॲमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या केंद्रात बिघाड झाला आणि जगभरच्या कितीतरी सेवा तासन्‌तास अडकल्या.

हिशेबनिसांनी यासाठी तक्त्यात एक साधी ओळ घातली. माल पाठवणं एक दिवस थांबलं तर चाळीस हजारांचं नुकसान. स्वतःच्या सर्व्हरवर पाच वर्षांत असे तीन दिवस, क्लाउडवर दुसऱ्या लाइनसह एक दिवस. हे अंदाज आहेत आणि ते वेगळे ठेवले तरी चालतील, पण ऐंशी हजारांचा हा फरक दरातल्या अठ्ठेचाळीस हजारांहून मोठा आहे, हे मालकांच्या लक्षात आलं.

करसल्लागाराला एकदा फोन करावा लागतोच. क्लाउडचं बिल त्या त्या वर्षीचा खर्च म्हणून पूर्ण वजा होतं. सर्व्हर मात्र भांडवली वस्तू. आयकरात संगणकावर घटत्या मूल्याने ४० टक्के घसारा मिळतो. सात लाखांवर पहिल्या वर्षी २ लाख ८० हजार, दुसऱ्या वर्षी १ लाख ६८ हजार, तिसऱ्या वर्षी एक लाख. ही वजावट उशिरा मिळते, त्यामुळे तीही वटवावी लागते. पंचवीस टक्के कर धरून, आणि व्याजावरही कर वाचतो म्हणून दर बाराऐवजी नऊ टक्के घेऊन, मूळ हिशेब पुन्हा केला तर क्लाउड १३ लाख ८० हजार, सर्व्हर १४ लाख १० हजारांच्या वर. चित्र फारसं बदलत नाही. जीएसटी दोन्हीकडे अठरा टक्के आणि त्याचं क्रेडिट मिळत असेल तर तो हिशेबाबाहेर. फक्त एक गोष्ट सांभाळायची: वर्षअखेर जवळ आली की ‘मार्चमध्ये घेऊन टाकू, कर वाचेल’ असा सल्ला मिळतो. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलेल्या मालमत्तेवर त्या वर्षी घसारा निम्माच मिळतो.

तक्ता घेऊन हिशेबनीस मालकांच्या केबिनमध्ये गेले. मालकांनी आकडे शांतपणे पाहिले आणि विचारलं, “पाचच वर्षं का धरली? आपला हा तर सात वर्षं चालला.”

प्रश्न रास्त होता. हिशेबनिसांनी आणखी दोन रकाने जोडले. सहाव्या आणि सातव्या वर्षी सर्व्हरवर वर्षाला ३ लाख ४० हजार खर्च, विक्रीची किंमत शून्य, क्लाउड तसाच ४ लाख ६० हजार. बारा टक्क्यांनी वटवून स्वतःचा सर्व्हर २१ लाख ५ हजार आला आणि क्लाउड २१ लाख ४९ हजार. आता सर्व्हर ४४ हजारांनी स्वस्त होता. जिन्याखालच्या खोलीतून पंख्याची कुरकुर ऐकू येत होती. आयटीवाल्याने त्याच्यासाठी जुन्या मॉडेलचा पंखा शोधायला घेतला, त्याला तीन आठवडे झाले होते.